अंबाजोगाईतली पहिली रात्र आणि पहाऱ्यावरचा अर्धा मेंदू

अंबाजोगाईला पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. योगेश्वरीचं दर्शन घेतलं, जेवलो आणि लॉजवर आलो. दिवसभर एसटीत बसून अंग आंबलं होतं, त्यामुळे पाठ टेकली की झोप लागेल असं वाटत होतं. ती लागली उशिरा, आणि लागली तरी टिकेना. जिन्यात कुणाची चप्पल वाजली की डोळे टक्क उघडायचे. एसीचा कॉम्प्रेसर बंद होताना 'खट्' व्हायचं, की पुन्हा जाग. गादी चांगली होती, डास नव्हते, डोक्यात कसली काळजीही नव्हती. शेजारी बायकोचीही तीच गत.

प्रवासात हे बहुतेकांना होतं. झोपेच्या अभ्यासकांना ते 1960च्या दशकापासून ठाऊक आहे. प्रयोगशाळेत झोपायला आलेल्या माणसाला पहिल्या रात्री झोप उशिरा लागते, मध्येच जाग येते, स्वप्नांची झोपही कमी होते. म्हणून अनेक प्रयोगांत पहिल्या रात्रीच्या नोंदी धरतच नाहीत.

कारणाचा एक चांगला धागा 2016 साली अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात हाती लागला. पहिल्या रात्रीच्या गाढ झोपेत मेंदूचे दोन्ही अर्धे भाग सारखे झोपत नाहीत, असं तिथल्या संशोधकांना दिसलं. डाव्या बाजूचा काही भाग उथळ झोपतो. झोपलेल्यांच्या कानात ते एकसुरी टूं-टूं वाजवत आणि मध्येच एखादा वेगळा आवाज सोडत. हा वेगळा आवाज उजव्या कानात, म्हणजे मुख्यतः डाव्या मेंदूकडे गेला, की जाग जास्त वेळा आणि लवकर यायची. साधारण आठवड्याने तीच माणसं त्याच खोलीत झोपली, तेव्हा हा फरक उरला नव्हता. डॉल्फिन अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतात. आपल्यात त्याची पुसटशी छटा असावी. अनोळखी जागी कुणीतरी पहाऱ्यावर हवं, एवढाच त्याचा अर्थ.

मला यातली कामाची गोष्ट वाटते ती ही, की पहारा असतो तो वेगळ्या आवाजावर. सलग घरघर त्याला खुपत नाही, शांततेत अचानक झालेली 'खट्' खुपते. म्हणून खोली अगदी चिडीचूप करण्यापेक्षा एकसारखा आवाज चालू ठेवणं बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवरच्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "एसी लावला तरी पंखा बंद करू नका बगा. अन् पुढच्या बारी आलात तर मागची खोली घ्या, हिकडं रस्त्यावर रात्रभर गाड्या असतेत." पंख्याच्या घरघरीत चपलांचा आणि कॉम्प्रेसरचा आवाज बराचसा बुडून जातो. कानात फोमचे बोळेही चालतात, पण ते बोटांनी वळून बारीक करून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नुसते टेकवले तर काही उपयोग नाही.

उजवा कान उशीत दाबून झोपावं का? त्या प्रयोगात हा उपाय तपासलेला नव्हता, त्यामुळे मी त्याच्या नादी लागत नाही. घरची चादर आणि उशीचा अभ्रा मात्र नेतो. हाही सिद्ध झालेला उपाय नव्हे, पण नाकाशी ओळखीचा वास असला की मला बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी बुट्टेनाथाकडे मुकुंदराजांच्या समाधीला गेलो, उन्हात हत्तीखाना लेणी पाहिली. दुपारी डोळे जड झाले होते, तरी लांब झोप काढली नाही. ती काढली की रात्रीची झोप आणखी पुढे सरकते. संध्याकाळचा चहाही टाळला, कारण चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच सुमारे पाच तास लागतात. रात्री तीच खोली, तोच पलंग. पंखा चालू ठेवला, टीव्हीच्या लाल दिव्यावर रुमाल टाकला, बाथरूमचं दार लावून घेतलं. जिन्यात चपला वाजतच असणार, पण सकाळपर्यंत आम्हाला दोघांनाही पत्ता नव्हता.

बहुतेकांचं असंच होतं, दुसऱ्या रात्रीपर्यंत खोली ओळखीची होते. लॉज बदललं की पहारा पुन्हा सुरू. म्हणून रोज मुक्काम हलवण्यापेक्षा एकच खोली धरून फिरणं मला पटतं. परळी अंबाजोगाईहून पंचवीसेक किलोमीटर. वैजनाथाचं दर्शन घेऊन संध्याकाळी परत येता येतं. छत्रपती संभाजीनगरला उतरलात तर देवगिरी आणि वेरूळ एका दिवसात होतात, अजिंठ्याला वेगळा दिवस द्यावा, आणि रात्री त्याच पलंगावर परतावं. परीक्षा, मुलाखत किंवा लांबचं ड्रायव्हिंग असेल तर शक्य तिथे दोन दिवस आधी पोहोचा, म्हणजे महत्त्वाच्या सकाळीआधीची रात्र त्या खोलीतली दुसरी असेल. आणि घरच्या पलंगावरही आठवडेच्या आठवडे अशीच झोपमोड होत असेल, तर ती पहिल्या रात्रीची गोष्ट नाही. त्यासाठी डॉक्टरांना दाखवावं.