आमची वाटचाल: कलम ११ आणि कलम १४

भोसरीत आमचं काम स्क्रू कॉम्प्रेसरच्या वार्षिक देखभालीचं. पहिली काही वर्षं सगळं तोंडी किंवा पर्चेस ऑर्डरवर चालायचं. चाकणच्या एका कारखान्याने पहिल्यांदा बावीस पानी करार पाठवला. दोन कॉम्प्रेसर, वर्षाला ३,६०,००० रुपये. मी दर, भेटींची संख्या आणि पैसे किती दिवसांत मिळणार एवढं वाचलं. कलम ११ वाचून तर जीव भांड्यात पडला. आमची एकूण जबाबदारी वर्षभराच्या फीपेक्षा जास्त असणार नाही आणि उत्पादन थांबल्याचं नुकसान आमच्याकडे मागता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी सही केली.

एप्रिलमध्ये एक कॉम्प्रेसर तापमान वाढून बंद पडला. ऑइल कूलर धुळीने पुरता चोंदला होता. आधीच्याच भेटीत आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाने सर्व्हिस रिपोर्टवर लिहिलं होतं की कूलर उघडून धुवावा लागेल, त्यासाठी मशीन अर्धा दिवस बंद ठेवा आणि खोलीची हवा खेळती करा. त्यांच्या मेंटेनन्सवाल्यांची त्यावर सही होती, पण मशीन बंद ठेवायला कोणी तयार झालं नाही. दीड शिफ्ट लाइन बंद राहिली. आम्हाला ७,२०,००० रुपयांची डेबिट नोट आली आणि दोन तिमाहींची बिलं, म्हणजे १,८०,००० रुपये, अडकली.

मी कलम ११ पुढे केलं. पर्चेसच्या साहेबांनी शांतपणे कलम १४ उघडलं. त्याची सुरुवातच अशी होती: ‘या करारात अन्यत्र काहीही नमूद असले तरी.’ पुढे, आमच्या सेवेतून ‘किंवा सेवेच्या संबंधात’ होणारं कोणतंही नुकसान, उत्पादनाच्या नुकसानीसह, आम्ही भरून देऊ. ११ ने घातलेली मर्यादा १४ च्या पहिल्या सात शब्दांनी उडवून लावली होती. ‘संबंधात’ या शब्दामुळे चूक आमची असण्याचीही गरज उरली नव्हती.

त्या सर्व्हिस रिपोर्टवरच्या सहीने आम्हाला वाचवलं. महिनाभर बोलणी चालली, आम्ही एका तिमाहीचे ९०,००० रुपये सोडले आणि प्रकरण मिटलं. मुलांचे पगार त्या महिन्यात उसने घेऊन केले, ते मी विसरलेलो नाही.

त्यानंतर आमच्या वकीलबाईंनी मला हे दोन विषय वेगळे करून समजावले. करार मोडला तर भरपाई द्यावी लागतेच, त्यासाठी वेगळं कलम लागत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ मध्ये ते आहे, पण तिथे दूरच्या आणि अप्रत्यक्ष नुकसानीला जागा नाही. क्षतिपूर्ती, म्हणजे इंडेम्निटी, हे कलम १२४ खालचं वेगळं वचन आहे. दुसऱ्या कोणाच्या वागण्याने झालेलं नुकसानही आपण त्यात अंगावर घेऊ शकतो. समोरच्या कंपनीने आधी खिशातून पैसे भरले तरच आपल्याकडे मागता येतील, या समजुतीतही राहू नये. त्यांची देणेदारी पक्की झाली की आधीच मागता येतं, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९४२ मध्येच म्हटलं आहे.

आता प्रत्येक करार आला की मी आणि बायको मराठीत एका पानाचा गोषवारा काढतो. आधी मी कलमांच्या क्रमाने लिहायचो, तिथेच फसायचो. आता पैसे मागण्याची प्रत्येक वाट एकत्र लिहितो. कशामुळे मागता येईल, कोणाचं नुकसान, कमाल किती, करार संपल्यावर किती दिवस. ‘अन्यत्र काहीही नमूद असले तरी’ आणि ‘च्या अधीन राहून’ हे शब्द जिथे दिसतील तिथे लाल खूण करतो, कारण दोन कलमं भांडली तर कोण जिंकणार हे तेच सांगतात.

चाकणच्याच त्या करारावर नूतनीकरणाच्या वेळी गोषवाऱ्यात एक ओळ आली: ‘कशामुळे: काहीही. किती: मर्यादा नाही.’ ती ओळ घेऊनच आम्ही साहेबांकडे गेलो. तीन बदल मागितले. ‘सेवेच्या संबंधात’ऐवजी ‘आमच्या निष्काळजीपणामुळे, त्या प्रमाणात’. क्षतिपूर्ती फक्त तिऱ्हाइताच्या दाव्यापुरती. आणि कलम १४ हे कलम ११ च्या अधीन, मृत्यू व शारीरिक इजा सोडून. इजेला मर्यादा घालावी असं मला स्वतःलाच वाटत नाही, त्यासाठी आम्ही विमा घेतला आहे. मात्र कायद्याने येते त्याहून जास्त जबाबदारी आपण करारातून ओढवून घेतली, तर ती विमा पॉलिसीत सहसा धरली जात नाही. हे ऐकल्यावर साहेबांनाही पटलं, कारण ज्याच्या मागे पैसेच नाहीत असं वचन त्यांच्याही कामाचं नव्हतं.

पहिले दोन बदल पूर्ण मिळाले. तिसऱ्यात मर्यादा एका वर्षाच्या फीऐवजी दीड वर्षाची, ५,४०,००० रुपये, ठरली. आम्ही मान्य केली. कूलर धुण्यासाठी दर तिमाहीला अर्धा दिवस मशीन बंद ठेवायचं, हेही आता करारातच लिहिलेलं आहे.