४७ ओळींचा तक्ता आणि बँकेचे साहेब

सीसी लिमिट, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा, वाढवून घ्यायला मागच्या महिन्यात बँकेत गेलेलो, आमची बेळगावच्या उद्यमबागेत छोटी फाउंड्री आहे आणि हिशोब मी बघतो. कागद, सह्या, सीएचा शिक्का, सगळं झालं, अडलं कुठं तर एका स्लाइडवर! मी काय केलं, नफातोट्याची अख्खी शीट, ४७ ओळी, कॉपी करून स्लाइडवर चिकटवली. साहेब हुबळीकडचे, डोळे बारीक करून बघत बसले, आणि मागून आमचे शेठ म्हणतात, "काय दिसंना झालंय की रे, यात बघायचं कुठलं?" साहेब आठ दिवसांनी परत या म्हणाले. चिडचिड नुसती.

घरी बसून ठरवलं, साहेबांना एकच जाणून घ्यायचंय, विक्री वाढूनसुद्धा नफा का घटला. मग त्याला लागतील तेवढ्याच ओळी ठेवल्या: विक्री, कच्चा माल, वीज, पगार, इतर खर्च, नफा. बाकीच्या उडवल्या नाहीत हं, 'इतर खर्च'मध्ये एकत्र केल्या, नाहीतर बेरीज लागत नाही आणि लपवालपवी केल्यासारखं दिसतं. सगळं लाखांत, एकच दशांश.

इथंच दोन रात्री गेल्या. विक्री ४५५.३, खर्च २६८.६, ५४.६, ६२.१, ५२.९, नफा १७.२. शेठनी कॅल्क्युलेटर मारला, १७.१ येतंय! मी सूत्रं तपासली, व्हाउचर काढली, चूक कुठंच नाही. शेवटी कळलं, एक्सेल आत पूर्ण आकडा धरतं, विक्री खरी ४५५.३४ आणि खर्च ४३८.१६, म्हणून नफा १७.१८, तो दिसतो १७.२. स्लाइडवरचे चार खर्च आधीच राऊंड झालेले, त्यांची बेरीज ४३८.२ भरते. आकडा ओढूनताणून बसवायचा मोह झालेला, पण ताळेबंदात १७.१८ च आहे ना, मग खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'राऊंडिंगमुळे ०.१ फरक'.

रंग फक्त दोन ओळींना, कच्चा माल आणि नफा, बाकी करडी अक्षरं. कच्च्या मालासमोर टक्के पण टाकले, विक्रीच्या ५५ वरून ५९. नफा २४.६ वरून १७.२. आधी फिकट पिवळा दिलेला, आमच्या ऑफिसातल्या प्रोजेक्टरवर पांढराच दिसला, मग गडद केला.

हां, एक राहिलंच, हे आधी सांगायला पाहिजे होतं. `Paste Special` मधून `Microsoft Excel Worksheet Object` निवडलं की दिसतो तेवढाच तुकडा, पण आत अख्खी फाइल जाते, डबल-क्लिक केलं की सगळ्या शीट उघडतात. माझ्या पहिल्या फाइलमध्ये पगाराची शीट पण होती, आणि ती फाइल बँकेला मेल करून मोकळा झालेलो! आता सहा ओळींचा तक्ता स्लाइडवरच हाताने टाइप करतो आणि पूर्ण शीट वेगळी प्रिंट काढून देतो.

दुसऱ्या वेळी साहेबांनी थेट कच्च्या मालाच्या पिवळ्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "स्क्रॅप का महागलं?" तेवढंच हवं होतं.