एमआरआयनंतरची झोप

"आता झोपला तर गाडीत झोपू दे ना?"

स्कॅन आटोपल्यावर बाळाची आई सहज म्हणाली. ड्यूटी संपली तरी ते वाक्य डोक्यातून जाईना.

बाळ 12 किलोचं. स्कॅनमध्ये हलू नये म्हणून तोंडावाटे क्लोरल हायड्रेट हे झोपेचं औषध दिलं होतं, किलोमागे 50 मिलिग्रॅम, म्हणजे 600 मिलिग्रॅम. चव इतकी वाईट की थोडं ओकलंच. मग पंचाईत अशी, की पोटात किती राहिलं ते कळत नाही आणि अंदाजाने पुन्हा देणं धोक्याचं. वाट बघत बसलो, झोपलं एकदाचं.

त्याऐवजी नाकात फवारायचं डेक्समेडेटोमिडिन हे गुंगीचं औषध असतं तर ओकण्याचा प्रश्नच नव्हता. किलोमागे 3 मायक्रोग्रॅम धरले तर 36. मिलीला 100 मायक्रोग्रॅमवाल्या औषधातलं जेमतेम 0.36 मिली, दोन्ही नाकपुड्यांत निम्मं निम्मं. अर्थात नाक शेंबडाने भरलेलं असेल तर तेही वाया. शिवाय त्याने नाडी मंदावते, मॉनिटरवरून नजर हलवता येत नाही.

क्लोरलची खरी गोम घरी जाताना. त्यापासून शरीरात ट्रायक्लोरोइथेनॉल बनतं आणि ते निम्मं उतरायलाच 8 ते 12 तास लागू शकतात. तान्ह्या बाळांत आणखी जास्त. जागं झालेलं मूल गाडीच्या शांततेत पुन्हा गाढ झोपतं, मान पुढे पडते, हनुवटी छातीला टेकते, श्वासाची वाट दबते. पुढे बसलेल्यांना वाटतं, किती शांत झोपलंय!

बाळ हाकेला नीट डोळे उघडून बघेपर्यंत आम्ही त्यांना थांबवून घेतलं.

स्कॅनआधी उपाशी ठेवायच्या वेळा कागदावर ठळक छापलेल्या असतात. परतताना मागच्या सीटवर बाळाशेजारी एक मोठं माणूस हवंच, हे किती ठिकाणी लिहून देतात?