गाणी की शांतता: सात दिवसांचा हिशोब

रविवार, रात्र

आज वही मिटली. ताईशी वाद झाला होता तो याच गोष्टीवरून. मी म्हणायचो, गाणी लावली की अभ्यास छान होतो. ती म्हणाली, "छान वाटतो की लक्षात राहतो, ते आधी सांग." मग आठवडाभर बघायचं ठरलं.

रोज रात्री नऊ ते पावणेदहा, राज्यघटनेची बारा पानं. सोमवारी शांतता, मंगळवारी आणि बुधवारी गाणी, गुरुवारी आणि शुक्रवारी शांतता, शनिवारी पुन्हा गाणी. हा उलटसुलट क्रम ताईचा. पहिले तीन दिवस शांततेचे आणि पुढचे तीन गाण्यांचे ठेवले असते, तर आठवड्याचा थकवा सगळा गाण्यांच्या माथी आला असता. प्रश्नही तिनेच काढले, रोजच्या पानांवर दहा. ते दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सोडवायचे, आणि तेव्हा गाणी नाहीत, कारण परीक्षेच्या हॉलमध्येही नसतात. शिवाय रात्री झोपण्याआधी मी अंदाज लिहायचा: उद्या किती येतील? तीसपैकी चार गुणांपेक्षा कमी फरक पडला तर बरोबरी मानायची, हेही सोमवारीच ठरवून टाकलं.

'शांतता' म्हणजे अर्थात कूलरसकट. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करून बसणारा माणूस मला दाखवा. पण त्याची घरघर एकसुरी असते, पाच मिनिटांत कान ती सोडून देतात. गाण्याचे शब्द तसे सुटत नाहीत. आपण वाचतो तेही मनातल्या मनात बोलतच, आणि कळणारे शब्द नेमके त्याच्या आड येतात.

बुधवारी कलम ३२ होतं, न्यायालयाचे पाच आदेश. अंदाज लिहिला आठ. गुरुवारी सकाळी महादेश आणि प्रतिषेध आठवले, प्राकर्षण गायब. कडवं मात्र पूर्ण पाठ!

गुरुवारी रात्री शांततेची पाळी, आणि खालून डीजे लावून वरात गेली. गुण पाच. तो दिवस वगळायचा मोह मला नाही, ताईला झाला. पण गुण बघून दिवस वगळायला लागलो तर काहीही सिद्ध करता येतं. वरातीची नोंद करून तो तसाच ठेवला.

शांततेचे आठ, पाच, आठ: एकवीस. गाण्यांचे पाच, सहा, पाच: सोळा. गाण्यांच्या रात्रींचे माझे अंदाज? आठ, आठ, सात.

तीन-तीन रात्रींवरून फार बोलू नये, हे खरं. आणि हे पाठांतराचं झालं. गणितं सोडवताना असंच होईल असं नाही, शब्द नसलेली सतारही वेगळी निघू शकेल. उद्यापासून अंकगणित घेतोय. ताई म्हणते, "क्रम या वेळी गाण्यांपासून सुरू कर."