दहा मिलिव्होल्टचा हिशेब: डिफरेन्शियल जोडी का जुळवायची

दोन इनपुटमधला फरक तेवढा वाढवणाऱ्या डिफरेन्शियल अ‍ॅम्प्लिफायरबद्दल एक समज फार पक्का बसलेला दिसतो. सीएमआरआर, म्हणजे दोन्ही इनपुटवर सारखंच आलेलं नाकारण्याची क्षमता, वाढवायचा तर टेलमध्ये, म्हणजे दोन्ही एमिटरच्या समाईक वाटेत, करंट सोर्स घाला, की झालं. यात अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं ट्रान्झिस्टरच्या जोडीत दडलेलं असतं, आणि ते आकड्यांनी मांडल्याशिवाय पटत नाही. म्हणून आज एकच साधं सर्किट घेऊन हिशेब शेवटपर्यंत नेतो.

सर्किट असं: दोन बीसी ५४७, सप्लाय अधिक-उणे १२ व्होल्ट, दोन्ही कलेक्टरला १० किलोओहम. दोन्ही एमिटर एकत्र जोडून तिथून उणे १२ व्होल्टकडे ११.३ किलोओहमचा टेल रेझिस्टर (१० आणि १.३ किलोओहम सिरीजमध्ये). बेस शून्यावर असले की एमिटर उणे ०.६५ व्होल्टच्या आसपास बसतात. टेल रेझिस्टरवर साधारण ११.३ व्होल्ट पडतात आणि १ मिलिअँपिअर वाहतो. जोडी समतोल असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मिलिअँपिअर येतो आणि कलेक्टर ७ व्होल्टवर राहतात. अर्ध्या मिलिअँपिअरला एमिटरचा आतला रोध सुमारे ५२ ओहम असतो. म्हणजे दोन कलेक्टरमध्ये मोजलेला डिफरेन्शियल गेन १०,००० भागिले ५२, म्हणजे सुमारे १९२.

आता दोन्ही इनपुट एकत्र बांधून १ व्होल्टने वर उचलू. एमिटरही १ व्होल्टने वर जातात, आणि टेलमधला करंट ८८ मायक्रोअँपिअरने वाढतो. इथपर्यंत जोडी कशीही असली तरी फरक पडत नाही. खरा प्रश्न पुढे येतो: ही वाढ दोघांत कशी वाटली जाते? दोघे सारखे असतील तर ४४-४४. दोन्ही कलेक्टर सारखेच, ०.४४ व्होल्टने खाली येतात आणि त्यांच्यातला फरक शून्यच राहतो. आउटपुट एकाच कलेक्टरवरून घेतलं तर मात्र हे ०.४४ थेट दिसतात. तिथे गेनही निम्मा, म्हणजे ९६. त्यामुळे सीएमआरआर जेमतेम ४७ डीबी, आणि जोडी कितीही जुळवली तरी तो वाढत नाही. एका कलेक्टरवरून आउटपुट घेणाऱ्याने आधी टेल सुधारावा.

दोन कलेक्टरमध्ये मोजताना गोष्ट बदलते. सारख्या करंटला दोघांच्या बेस-एमिटर व्होल्टेजमध्ये १० मिलिव्होल्टचा फरक आहे असं धरू. बीसी ५४७ च्या डेटाशीटमध्ये २ मिलिअँपिअरला हे व्होल्टेज ५८० ते ७०० मिलिव्होल्ट असं दिलेलं असतं. तेव्हा वेगवेगळ्या लॉटमधले दोन उचलले तर १० मिलिव्होल्ट हा काही टोकाचा फरक नव्हे. बेस एकत्र, एमिटर एकत्र, म्हणजे दोघांना व्होल्टेज एकच मिळतं. मग फरक करंटमध्ये उतरतो: २६ मिलिव्होल्टच्या घातांकी नियमाने करंटचं गुणोत्तर १.४७ होतं. एकाला ०.५९५, दुसऱ्याला ०.४०५ मिलिअँपिअर. टेलमधली ८८ मायक्रोअँपिअरची वाढही याच प्रमाणात वाटली जाते, ५२.६ आणि ३५.९ अशी. फरक जवळपास १७ मायक्रोअँपिअर, म्हणजे कलेक्टरमध्ये १६७ मिलिव्होल्ट. इनपुटला काहीही फरक नसताना! सीएमआरआर ६१ डीबीवर येतो. फरक १ मिलिव्होल्टवर आणला तर तेच १६७ मिलिव्होल्ट १७ वर येतात आणि सीएमआरआर ८१ डीबी होतो.

या आकडेमोडीतून एक सोपा नियम निघतो. मला तो फार उपयोगी वाटतो, कारण डोक्यातल्या डोक्यात करता येतो:

```
CMRR ≈ V_tail / ΔV_BE
```

टेल रेझिस्टरवरचं व्होल्टेज भागिले जोडीतला फरक. ११.३ व्होल्ट भागिले १० मिलिव्होल्ट म्हणजे ११३०, म्हणजेच ६१ डीबी. अट इतकीच की कलेक्टर रेझिस्टर सारखे असावेत. तिथे १ टक्क्याचा फरक असेल तर व्होल्टमागे ४.४ मिलिव्होल्टची भर पडते. ५ टक्क्यांचे रेझिस्टर लावले तर २२ मिलिव्होल्ट, म्हणजे जुळवलेल्या जोडीच्या चुकीपेक्षाही जास्त. म्हणून जोडी जुळवण्याआधी रेझिस्टर मोजून घ्यावेत.

टेलमध्ये करंट सोर्स घातला की काय होतं? तिसरा बीसी ५४७ घ्या. त्याचा बेस लाल एलईडीने उणे १२ च्या वर सुमारे १.७ व्होल्टवर ठेवा, एलईडीला शून्य व्होल्टवरून १० किलोओहम द्या, आणि एमिटरला १ किलोओहम लावा. करंट साधारण १ मिलिअँपिअर मिळतो. तापमानाने एलईडी आणि ट्रान्झिस्टर दोघांचं व्होल्टेज जवळपास सारखंच घसरत असल्याने करंट बऱ्यापैकी टिकतो. या सोर्सचा रोध काही मेगोहम निघतो. ३.५ मेगोहम धरला तर १ मिलिअँपिअर गुणिले ३.५ मेगोहम, म्हणजे टेलवर जणू ३५०० व्होल्ट आहेत. याला १० मिलिव्होल्टने भागलं तरी १११ डीबी! मग जुळवायचं कशाला?

कारण हे १११ डीबी प्रत्यक्षात मिळत नाहीत. इनपुट वर गेले की कलेक्टर-एमिटर व्होल्टेज तेवढंच कमी होतं, आणि अर्ली परिणामामुळे, म्हणजे कलेक्टर-एमिटर व्होल्टेजचा करंटवर थोडा परिणाम होत असल्याने, प्रत्येक ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज किंचित सरकतं. हा परिणाम मोजणारं अर्ली व्होल्टेज १०० व्होल्ट असेल तर व्होल्टमागे ०.२६ मिलिव्होल्ट. दोघे सारखेच सरकले तर बिघडत नाही. पण एकाचं १०० आणि दुसऱ्याचं ८० असेल तर ६५ मायक्रोव्होल्टचा फरक उरतो, आणि सीएमआरआर ८४ डीबीला अडकतो. टेल कितीही चांगला केला तरी ही भिंत हलत नाही. ती हलवायची तर वर कॅस्कोड, म्हणजे प्रत्येक कलेक्टरवर आणखी एक ट्रान्झिस्टर, लावून कलेक्टर-एमिटर व्होल्टेज स्थिर ठेवावं लागतं, किंवा एकाच लॉटमधले ट्रान्झिस्टर घ्यावे लागतात, ज्यांचं अर्ली व्होल्टेज सहसा जवळपास असतं.

शिवाय ऑफसेट तसाच राहतो. १० मिलिव्होल्टच्या फरकाने कलेक्टरमध्ये १.९ व्होल्टचा कायमचा फरक दिसतो. तो कलेक्टर रेझिस्टर कमी-जास्त करून शून्यावर आणला तर सॅच्युरेशन करंटच्या फरकामुळे येणारं तापमानाचं सरकणंही जवळपास जातं, कारण दोघांतलं करंटचं गुणोत्तर तापमानाने बदलत नाही. इनपुटला स्थिर व्होल्टेज देऊन शून्य केला तर मात्र प्रत्येक मिलिव्होल्टमागे अंशाला ३.३ मायक्रोव्होल्टचं सरकणं उरतंच. दोन्हीकडे मीटरवर शून्यच दिसतं. फरक कळतो तो खोली तापल्यावर.

एक गोष्ट कोणत्याही ट्रिमरने जात नाही: दोन ट्रान्झिस्टरमधला तापमानाचा फरक. अंशाला २ मिलिव्होल्ट. नुसत्या ०.१ अंशाने ०.२ मिलिव्होल्ट, आणि १९२ गेननंतर ३८ मिलिव्होल्ट. पंख्याची झुळूक पुरते. म्हणून दोन्हींच्या चपट्या बाजू एकमेकींना चिकटवाव्यात आणि वरून हीटश्रिंक चढवावी. चिकटवताना पायांकडे लक्ष हवं: समोरासमोर ठेवल्यावर बेस बेससमोर येतो, पण एकाचा कलेक्टर दुसऱ्याच्या एमिटरसमोर येतो. जोडायचे एमिटर कर्णावर पडतात. पीसीबीवर ही चूक सहज होते.

जुळवणी करायची ती अशी. एक ट्रान्झिस्टर संदर्भ म्हणून कायम ठेवायचा. त्याचा आणि तपासायच्या ट्रान्झिस्टरचा बेस आपापल्या कलेक्टरला जोडायचा, एमिटर ग्राउंडला, आणि प्रत्येकाला १२ व्होल्टवरून २२ किलोओहम द्यायचा. अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास करंट मिळतो, म्हणजे जोडी ज्या करंटला चालणार तोच. मल्टीमीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर दोन कलेक्टरच्या मध्ये लावला की फरक थेट वाचता येतो. दोन २२ किलोओहममध्ये १ टक्क्याचा फरक असेल तर पाव मिलिव्होल्टची चूक शिरते. ती पकडायला रेझिस्टरची अदलाबदल करून पुन्हा वाचावं. त्याहून मोठा धोका बोटांचा. खोली २५ अंशावर आणि बोट ३३ वर असेल तर १६ मिलिव्होल्टपर्यंत फरक पडू शकतो, आणि ट्रान्झिस्टर बिचारा निर्दोष असून बाद होतो. चिमट्याने लावावा, आकडा थांबेपर्यंत वाट पाहावी, मगच लिहून ठेवावा. १ मिलिव्होल्टच्या आत बसणारे वेगळे काढल्यावर त्यांतून करंट गेन १० टक्क्यांच्या आत असलेले दोन निवडावेत. गेन ३०० असताना बेस करंट १.७ मायक्रोअँपिअर असतो. प्रत्येक इनपुटला १० किलोओहमचा सोर्स असेल तर गेनमधल्या १० टक्के फरकानेच १.७ मिलिव्होल्टचा नवा ऑफसेट येतो, आणि जुळवणीची मेहनत वाया जाते.

एवढं करायचं नसेल तर तयार जोडी घ्यावी. एसएसएम २२१२ मध्ये ऑफसेट जास्तीत जास्त २०० मायक्रोव्होल्ट असतो. पण एकाच पॅकेजमध्ये दोन ट्रान्झिस्टर दिसले म्हणजे ते जुळवलेले असतात असं समजू नये. बीसी ८४७ बीएस मध्ये दोन ट्रान्झिस्टर आहेत, पण जुळणीची हमी नाही. डेटाशीटमध्ये बेस-एमिटर व्होल्टेजच्या फरकाची ओळ शोधावी. ती नसेल तर जोडी आपणच मोजायची.

तपासणीसाठी सिग्नल जनरेटर लागत नाही. दोन्ही इनपुट एकत्र करून आधी अधिक २ आणि मग उणे २ व्होल्ट द्यायचे, आणि दोन कलेक्टरमधला आकडा किती बदलला ते बॅटरीवरच्या मल्टीमीटरने पाहायचं. टेल रेझिस्टरच्या सर्किटमध्ये ४ व्होल्टला १० मिलिव्होल्टवाली जोडी सुमारे ६७० मिलिव्होल्ट दाखवते, १ मिलिव्होल्टवाली ६८ च्या आसपास. ऑसिलोस्कोपच्या दोन चॅनेलची वजाबाकी इथे चालत नाही, कारण चॅनेलच्या गेनमधला एक-दोन टक्क्यांचा फरकच मोजायच्या गोष्टीएवढा होतो. जोडी झाकून ठेवावी आणि अधिक, उणे, पुन्हा अधिक असं वाचावं. दोन्ही ‘अधिक’ जुळले नाहीत तर दिसतंय ते तापमानाचं सरकणं आहे, सीएमआरआर नव्हे.

हे सगळं डीसीचं झालं. करंट सोर्सच्या टोकावर ५ पिकोफॅरॅड धरले तर १० किलोहर्ट्झला त्यांचा रोध ३.२ मेगोहम होतो, म्हणजे सोर्सच्या रोधाएवढाच, आणि १०० किलोहर्ट्झला ३२० किलोओहम. तिथून पुढे फ्रिक्वेन्सी दहापट झाली की टेलही दहापट खराब होत जातो. मग वरच्या नियमातली जुळणी पुन्हा कामाला येते, कारण तेव्हा भागाकारातला वरचा आकडा घटत असतो आणि आपल्या हातात फक्त खालचा उरतो.