रिसायझर लॉग ४: बाबांच्या शर्टावरचे पट्टे

मागच्या लॉगमध्ये माझा रिसायझर, म्हणजे फोटो लहान करणारा कोड, चालतोय असं लिहिलं होतं, तो चालत नाहीये हे या आठवड्यात बाबांच्या एका शर्टामुळे कळलं. पांढरा शर्ट, त्यावर बारीक गडद निळ्या उभ्या रेघा. फोटो ४००० बाय ३०००, मला हवा होता ५०० बाय ३७५, म्हणजे बरोबर ८ पट लहान, म्हणून मी सरळ दर आठवा पिक्सेल उचलला. चेहरा बरा आला, पण छातीवर जाड तिरके पट्टे, आणि काखेजवळ तेच पट्टे वळून सागवानी फळीवरच्या नक्षीसारखे झालेले. शर्टावर असं काहीही नाहीये.

आधी मूळ फोटो १०० टक्के झूमला उघडून बघितला, हे सगळ्यांनी आधी करा. तिथेच पट्टे दिसले असते, विशेषतः हिरवट-जांभळे, तर गडबड कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच झालेली असते आणि मग फोटो लहान करताना कितीही ब्लर केलं तरी ते पुसले जात नाहीत. आणि झूम १०० टक्केच हवा, कारण स्क्रीनला फिट करून बघितलं तर व्ह्यूअर स्वतःच फोटो लहान करतो आणि त्याचे वेगळे पट्टे दिसू शकतात. माझ्या मूळ फोटोत रेघा एकदम स्वच्छ होत्या, म्हणजे चूक माझ्याच कोडची.

मग छातीवरच्या रेघा मोजल्या. ३०० पिक्सेलमध्ये ४० रेघा, म्हणजे दर ७.५ पिक्सेलला एक. इथेच सगळं उलगडलं. रेघ परत येते ७.५ वर आणि मी उचलतोय ८ वर, म्हणजे प्रत्येक उचलीला मी रेघेच्या चक्रात अर्धा पिक्सेल पुढे सरकतो, आधी पांढऱ्यावर पडतो, मग हळूहळू निळ्यावर, मग परत पांढऱ्यावर. अर्धा अर्धा करत ७.५ पूर्ण व्हायला १५ उचली लागतात, म्हणून लहान फोटोत दर १५ पिक्सेलला एक पट्टा, म्हणजे मूळ फोटोतल्या १६ रेघा मिळून एक खोटा पट्टा.

पण रेघा उभ्या असताना पट्टे तिरके का, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. बाबा जरासे कलून उभे होते, रेघा साधारण २ अंशांनी तिरक्या. लहान फोटोत एक ओळ खाली म्हणजे मूळ फोटोत ८ ओळी खाली, तेवढ्यात रेघ बाजूला सरकते जेमतेम ०.२८ पिक्सेल. पण आडवी सरकसुद्धा एका उचलीला फक्त अर्धाच पिक्सेल आहे ना, त्यामुळे त्या अर्ध्यापुढे हे ०.२८ खूप मोठं ठरतं, आणि हिशोब केला तर पट्ट्याचा कल येतो २९ अंश. फोटोवर कोनमापक लावून बघितलं, ३० च्या आसपासच आला, लय भारी वाटलं! काखेजवळ कापड वळतं तिथे रेघा जवळ येतात, अंतर ७ झालं की दर उचलीला १ पिक्सेल सरक, म्हणजे ७ उचलींत एक पट्टा. आणि जिथे अंतर बरोबर ८ होतं तिथे प्रत्येक वेळी रेघेच्या त्याच भागावर बोट, रेघा गायब आणि कापड सपाट दिसतं, कुठे पांढरं तर कुठे निळं.

इथून पुढे माझ्या दोन चुका. एक, वाटलं बायलिनिअर वापरू, ते स्मूथ असतं. ८ पट लहान करताना साधं बायलिनिअर त्या आठपैकी फक्त शेजारशेजारच्या दोनच पिक्सेलची सरासरी घेतं, बाकी सहा बघतच नाही, त्यामुळे या रेघांचा ९१ टक्के कॉन्ट्रास्ट तसाच राहिला. `cv2.resize` चा डिफॉल्ट `INTER_LINEAR` हेच करतो. दोन, लहान केल्यावर ब्लर केलं. पण तोपर्यंत ते पट्टे १५ पिक्सेल रुंद होऊन बसलेले, खऱ्या आकारांपासून वेगळे ओळखताच येत नाहीत, त्यांना घालवायचं तर बटणं आणि डोळेपण जातात.

म्हणून आधी ब्लर, मग उचल. लहान फोटोत जास्तीत जास्त बारीक रेघ दर २ पिक्सेलला एक बसू शकते, म्हणजे मूळ फोटोत दर १६ ला एक. त्याहून बारीक जे काही आहे ते उचलण्याआधीच मावळलं पाहिजे. गाउसियन ब्लर किती पसरतो ते सांगणारा सिग्मा २ ठेवला तर शर्टाच्या रेघांचा कॉन्ट्रास्ट २५ टक्के उरला, पट्टे फिके पण दिसतातच. सिग्मा ४ ला ०.४ टक्के, म्हणजे गेलेच. scikit-image चा अँटी-अलायसिंग डिफॉल्ट ८ पटीला ३.५ येतो, त्यात १.४ टक्के उरतात. मी ४ वर थांबलो, पण याची किंमत आहे, दर १६ ला येणारी जी रेघ बसू शकली असती तीसुद्धा २९ टक्क्यांवर येते आणि फोटो मऊ दिसतो.

८ बाय ८ च्या चौकोनाची सरासरी पण करून बघितली. शर्टावर फक्त ६ टक्के उरले, पण ७.५ हे ८ च्या इतकं जवळ आहे म्हणून. दर १२ पिक्सेलला रेघ असलेल्या टॉवेलवर त्याच सरासरीने ४२ टक्के उरले, आणि दर ३ पिक्सेलला एक अशी खोटी रेघ आली. म्हणून एका शर्टावर टेस्ट करून समाधान मानू नका, हे वर्तुळांचं चित्र वापरा:

```python
import numpy as np
from scipy.ndimage import gaussian_filter

y, x = np.mgrid[-1000:1000, -1000:1000]
z = 0.5 + 0.5*np.cos(np.pi*(x*x + y*y)/2000)
bad  = z[::8, ::8]
good = gaussian_filter(z, 4)[::8, ::8]
```

मध्यापासून बाहेर जाताना वर्तुळं बारीक होत जातात, त्यामुळे सगळी अंतरं एकाच चित्रात तपासून होतात. `bad` मध्ये दर ३१ पिक्सेलवर नवीन खोटं केंद्र दिसतं, आडवं आणि उभं, पूर्ण जाळी. खरी वर्तुळं फक्त मधल्या साधारण १६ पिक्सेल त्रिज्येत आहेत, बाकी सगळं बनावट! `good` मध्ये मधली वर्तुळं बाहेर जाता जाता विरतात आणि पुढे सपाट करडं.

त्या करड्यानेच पुढची चूक दाखवली. पट्टे गेले पण शर्ट मूळपेक्षा काळपट वाटत होता. फोटोत साठवलेले sRGB आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. अर्ध्या काळ्या अर्ध्या पांढऱ्या रेघांची त्या आकड्यांत सरासरी घेतली तर १२८ येते, पण प्रकाश खरोखर अर्धा हवा असेल तर आकडा १८८ लागतो. म्हणून आता आधी लिनिअर करतो, म्हणजे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात आणतो, `float32` मध्येच ठेवतो, मग ब्लर, मग उचल, आणि शेवटी परत sRGB. शर्ट आता एकसारखा फिकट निळा येतो, लांबून बघितल्यावर दिसतो तसाच.

आता गाउसियनऐवजी लांचोश ३ हा फिल्टर लिहायला घेतलाय, ८ पटीला ४८ पिक्सेल रुंद कर्नेल. पहिल्या रनमध्ये बटणं छान धारदार आली, पट्टे नाहीत, पण कॉलरच्या कडेला पांढरी किनार दिसतेय, ती कितपत चालवून घ्यायची ते अजून ठरत नाहीये.