मसाला तोच होता, फक्त लोक आमची तुलना दुसऱ्याशी करायला लागले : माझा अनुभव

माझी मावशी अमळनेरला खान्देशी काळा मसाला बनवते. आधी ओळखीतल्या लोकांना द्यायची, मग इन्स्टावर पेज काढलं, आता पुण्या-नाशकात गेलेली आपली मंडळी कुरिअरने मागवतात आणि अमळनेर, धरणगाव, जळगावच्या काही किराणा दुकानांत पण जातो. पेज मी बघते, जळगावला बसून. म्हणजे फोटो, रील, ऑर्डरचे मेसेज आणि लोक आपल्याबद्दल काय लिहितात ते वाचणं, सगळं माझ्याकडे. या शेवटच्या कामाला मोठ्या कंपन्या सोशल लिसनिंग म्हणतात आणि महागडी सॉफ्टवेअर घेतात, आमच्याकडे एक गूगल शीट आहे आणि मी आहे.

मागच्या हिवाळ्यात झालं काय की दुकानांतला खप ठीक होता पण पुण्याच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या रिपीट ऑर्डर हळूहळू पातळ व्हायला लागल्या. कॉमेंट बघितल्या तर सगळं छानच छान. मावशी म्हणाली, "लोके चांगलंच म्हनतस ना, मंग काय?" आणि खरंच, चांगलं-वाईट असं मोजलं असतं तर काहीच दिसलं नसतं, वाईट कॉमेंट आधीही तुरळक होत्या आणि आताही तुरळकच. म्हणून ठरवलं की चांगलं म्हणतात की वाईट ते सोडून द्यायचं आणि नेमकं कशाला चांगलं म्हणतात ते बघायचं.

आधी सगळं एका जागी आणायला लागलं आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. इन्स्टाच्या कॉमेंट मिळतात, पण लोक स्टोरीत आपल्याला मेन्शन करतात ते चोवीस तासांत उडून जातं, त्यामुळे डीएममध्ये आलं की लगेच त्यातलं वाक्य शीटमध्ये टाकायची सवय लावून घेतली. फेसबुकवर कॉमेंट "मोस्ट रिलेव्हंट" अशा लागलेल्या असतात, तिथे "ऑल कॉमेंट्स" केल्याशिवाय बऱ्याच दिसतच नाहीत. खान्देशी रेसिपीच्या यूट्यूब व्हिडिओंखाली लोक आमचं नाव घेतात, तिथे नवीन आधी असं लावून वाचायचं. गूगल अलर्ट पण लावून ठेवलाय पण आमच्यासारख्या छोट्या नावाला त्याचा काडीचा उपयोग नाही, सोशल मीडियावरचं त्यात जवळपास येतच नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपमधलं काही घ्यायचं नाही असं ठरवलं, कोणी स्वतःहून आपल्यालाच लिहिलं तर ते घ्यायचं, बाकी लोकांच्या घरातल्या गप्पा आहेत त्या.

शोधताना स्पेलिंगचा मोठा घोळ असतो. आमचं नाव लोक देवनागरीत तीन प्रकारे लिहितात आणि इंग्रजी अक्षरांत विचारूच नका. त्यात अहिराणी. किंमत कोणी कोणी विचारली ते शोधायला "किती", "रेट", "प्राइस" टाकलं की "कितला" आणि "कितलाले दिना" वाले सगळे सुटतात. "भलता भारी शे भो" हे कौतुक आहे हे कुठल्या मशीनला कळेल असं मला वाटत नाही. म्हणून आमच्यासारख्यांनी हाताने वाचलेलंच बरं, आणि कॉमेंट काही हजारोंनी नसतात, रविवारची दुपार पुरते.

मग चाळण. नातेवाईक काढले, आमची मावसभावंडं प्रत्येक पोस्टवर हार्ट टाकतात, प्रेम आहे त्यांचं पण माहिती शून्य. नुसत्या इमोजी काढल्या. एकाच माणसाने पाच कॉमेंट केल्या असतील तर माणूस एकच धरला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मसाला खाल्लेले आणि न खाल्लेले असे दोन ढीग केले. एखादं रील चाललं की अनोळखी लोक येऊन "वा मस्त" लिहून जातात, त्यांनी पाकीट बघितलेलं पण नसतं, आणि ते वेगळे काढले नाहीत तर वाटतं की लोकांचं मत बदललं, प्रत्यक्षात लोकच वेगळे आलेले असतात. "संपला", "परत पाठवा", "कालच शेवभाजी केली" असं काही असेल तरच मी खाल्लेल्यांत धरलं, शंका आली की ऑर्डरच्या यादीत नाव बघितलं.

तुलना हिवाळ्याची हिवाळ्याशीच केली. याचं कारण खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. थंडीत भरताची वांगी येतात, शेतात भरीत पार्ट्या सुरू होतात आणि बाहेरगावी असलेला प्रत्येक जण हळवा होतो, तेव्हा "घरची आठवण" वाल्या कॉमेंट आपोआप वाढतात. उन्हाळ्यात वर्षाचे मसाले करायची धांदल असते, तेव्हा लोक रेसिपी आणि मिरचीचं विचारतात. ऑक्टोबरची मे महिन्याशी तुलना केली तर ऋतूचा फरक आपल्या ब्रँडचा फरक वाटायला लागतो.

शीटमध्ये कॉलम मोजकेच ठेवले: तारीख, कुठे लिहिलं, खाल्लेला की नाही, कशाबद्दल बोलतोय (चव, रंग, पॅकिंग, किंमत, डिलिव्हरी), आणि शेवटचा कॉलम, कोणाशी तुलना केली. हा शेवटचा मी सहज टाकला होता आणि सगळं निघालं त्यातूनच.

मागच्याच्या आदल्या हिवाळ्यात खाल्लेल्या लोकांमध्ये दहातले चार जण तरी घरातल्या कोणाशी तरी तुलना करत होते. "मायना हातना मसाला", "आजी करायची तसाच", एकीने तर "सासूबाईंपेक्षा भारी पण त्यांना सांगू नका" असं लिहिलेलं. मागच्या हिवाळ्यात दहातला एक जेमतेम. त्या जागी काय आलं, तर "पॅकिंग एकदम प्रोफेशनल", "ब्रँडेड वाटतं आता", "मोठ्या कंपन्यांना टक्कर". सगळं कौतुकच, मावशी तर ऐकून खूश झाली. पण पुढच्याच ओळीत तेच लोक किंमत काढत होते, "क्वालिटी चांगली पण दुकानात यापेक्षा स्वस्त मिळतो". आधी किंमतीवर असं कोणी बोलत नव्हतं आणि किंमत तर आम्ही वाढवलेलीच नव्हती. म्हणजे आधी आमची तुलना आईशी व्हायची आणि आईच्या मसाल्याला भाव नसतो, आता तुलना दुकानातल्या पाकिटाशी व्हायला लागली आणि त्या रांगेत आम्ही महागच दिसणार, कारण खोबरं, दगडफूल सगळं निवडून, थोडं थोडं भाजून करतो.

हे माझ्याच डोक्यातलं खूळ तर नाही ना म्हणून शीटमधला तारखेचा कॉलम लपवला, ओळी उलटसुलट केल्या आणि मावसबहिणीला सगळं परत भरायला दिलं. आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं तिला माहीत नव्हतं. काही ओळींवर आमचं जुळलं नाही, उदाहरणार्थ "एकदम ओरिजिनल" हे घरचं म्हणायचं की बाजारातलं यावर चांगलीच वादावादी झाली, शेवटी ते बाजूला ठेवलं. पण चित्र तेच आलं.

आता कशामुळे झालं हे. त्या दोन हिवाळ्यांच्या मधल्या पावसाळ्यानंतर तीन गोष्टी जवळपास एकाच वेळी बदलल्या होत्या. आधी साधी पारदर्शक पिशवी आणि वर लेबल असायचं, ते जाऊन चकचकीत छापील पाऊच आला. रीलमधून मावशीचा आवाज गेला, म्युझिक आणि पाकिटाचे शॉट आले. आणि नंदुरबारच्या बाजारातून घेतलेली मिरची त्या वर्षी वेगळ्या व्यापाऱ्याकडची होती, म्हणजे चवच बदलली असण्याची पण शक्यता होतीच. कॉमेंट वाचून यातलं नेमकं कुठलं ते कळत नाही, कॉमेंट फक्त काहीतरी हललंय एवढं दाखवतात.

मिरचीचा संशय लवकर फिटला. अमळनेरातली दोन दुकानं आमचाच मसाला सुटा विकतात, तीच बॅच, फक्त पाकीट नाही. तिथल्या गिऱ्हाइकांची काहीच कुरबूर नव्हती, "पहिलेसारखा नई" असं एकानेही म्हटलं नव्हतं. दुकानदार काकांना मी मुद्दाम मोघमच विचारलं की लोक काय म्हणतात, चव बदलली का असं विचारलं असतं तर ते माझ्या तोंडाकडे बघून हो म्हणाले असते.

मग पाऊच. जुन्या पिशव्या शिल्लक होत्या त्या काढल्या आणि एकाच बॅचचा मसाला जुन्या गिऱ्हाइकांना एकाआड एक पाठवला, एकाला पिशवीत, पुढच्याला पाऊचमध्ये, लेबलवर FSSAI नंबर आणि तारखा दोन्हीकडे होत्याच. आठवड्यानंतर सगळ्यांना एकच मेसेज, "मसाला कसा वाटला?" पॅकिंगचा शब्द काढायचा नाही. पिशवीवाल्यांनी चवीबद्दल आणि घराबद्दल लिहिलं, पाऊचवाल्यांतल्या बऱ्याच जणांनी सुरुवातच पॅकिंगपासून केली. माणसं थोडी होती, त्यामुळे यावर मी पैज लावणार नाही, पण कॉमेंटमधलं आणि हे एकाच दिशेला होतं. रीलचा वाटा किती ते मात्र यातून वेगळं काढता आलं नाही.

पाऊच पूर्ण सोडणं शक्य नव्हतं, दुकानदारांना तोच हवा, फडताळात नीट उभा राहतो, आणि साध्या पिशवीपेक्षा त्यात वास जास्त टिकतो. मला पुढे मोठी पारदर्शक खिडकी हवी होती, मावशीने मोडता घातला, उजेडाने तिखटाचा रंग उडतो आणि तिचं बरोबर होतं. शेवटी दुकानांना पाऊच आणि कुरिअरच्या ऑर्डरला पिशवी, त्यावर दळल्याची तारीख मावशीच्या अक्षरात. रीलमध्ये तिचा आवाज परत आणला, अहिराणीतच, पुण्यातल्या पोरांना कळो न कळो.

मधल्या काळात एका कॉमेंटमध्ये "खवट" शब्द आला तेव्हा मात्र शीट वगैरे काही उघडलं नाही, सरळ फोन केला, बॅच नंबर घेतला आणि त्या बॅचची उरलेली पाकिटं दुकानांतून उचलली. खोबरं जुनं निघालं तर तो वास येतो. असल्या शब्दाला एक कॉमेंट पुरे, तिथे टक्केवारी काढत बसायचं नसतं. घर-बाजार असली गोष्ट वेगळी, ती कुठल्याच एका कॉमेंटमध्ये नसते, महिने-महिने साठवलं तरच दिसते.

आता "आई", "आजी" हळूहळू परत यायला लागल्यात कॉलममध्ये, आधीइतक्या नाही. रिपीट ऑर्डर थोड्या सुधारल्यात. किंमतीचं बोलणं मात्र कमी झालेलं नाही, एकदा दुकानातल्या पाकिटाशी हिशेब लावून बघितलेला माणूस तो विसरत नाही बहुतेक. आणि गेल्या काही आठवड्यांत पुण्याकडून "जरा उग्र आहे" असं यायला लागलंय, पण ते लिहिणारे बहुतेक न खाल्लेल्यांच्या ढिगातून नुकतेच खाल्लेल्यांत आलेले नवीन लोक आहेत, जुन्यांपैकी अजून कोणी नाही. मावशी तिखट कमी करायला तयार आहे. मी तिला भरताचा सीझन संपेपर्यंत थांब म्हटलंय.